व्हीएफडीवर वेग उतरवला की गरम फॅनचे बेअरिंग जास्त का तापते?

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. टेम्परिंग फर्नेसचा हवा फिरवणारा फॅन वर्षानुवर्षे १४८० आरपीएमवर चालत होता आणि फर्नेसकडचे बेअरिंग ठीक होते. वीज वाचवण्यासाठी मोटरचा वेग बदलणारा व्हीएफडी बसवला, फॅन ३०० ते ७०० आरपीएमवर येऊ लागला आणि तेच बेअरिंग तापू लागले. ग्रीस पातळ होऊन गळते, म्हणून ग्रीस बदलतात. मग बेअरिंग बदलतात, अलाइनमेंट तपासतात. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तेच. वेग कमी म्हणजे घर्षण कमी, मग उष्णता वाढते कुठून, हा प्रश्न प्रत्येक वेळी अडतो.

उष्णता वाढलेली नसते. ती हवेत जायची बंद झालेली असते. फर्नेसच्या भिंतीतून बाहेर येणारा शाफ्ट भिंतीपासून बेअरिंगपर्यंतच्या उघड्या तुकड्यात आपली उष्णता खोलीतल्या हवेला देत असतो, आणि ती किती दिली जाते हे बऱ्याच अंशी त्याच्या फिरण्याच्या वेगावर ठरते. वेग उतरवताना आपण नकळत त्या शाफ्टची कूलिंगही उतरवतो.

आधी खात्री करा की उष्णता शाफ्टमधूनच येते आहे

फर्नेस थंड असताना फॅन त्याच कमी वेगावर दोन तास चालवा आणि बेअरिंगचे तापमान नोंदवा. खोलीपेक्षा आठ-दहा अंशच वर राहिले, तर ग्रीस, क्लिअरन्स, अलाइनमेंट यांत फारसा दोष नाही. थंड फर्नेसवरही बेअरिंग तापत असेल तर दुखणे बेअरिंगमध्येच आहे आणि पुढचा मजकूर त्या मशिनला लागू नाही.

दुसरी तपासणी उदबत्तीची. फर्नेस गरम आणि फॅन चालू असताना, गार्डच्या बाहेर राहून, भिंतीतल्या शाफ्ट-सीलच्या दिशेला पेटती उदबत्ती धरा. धूर सीलपासून बाहेर ढकलला जात असेल तर गरम वायू शाफ्टलगत गळतो आहे. शाफ्टभोवतीची हवाच १५० अंशांची असेल तर शाफ्ट थंड होणार कसा? आधी सील दुरुस्त करा, मगच पुढचे गणित खरे ठरते.

तिसरी गोष्ट मोजण्याची. चकचकीत शाफ्टवर इन्फ्रारेड गन रोखून आकडा घेऊ नका. ताज्या मशीन केलेल्या स्टीलची इमिसिव्हिटी, म्हणजे किरणोत्सर्गाने उष्णता सोडण्याची क्षमता, ०.२५ च्या आसपास असते आणि गन बहुधा ०.९५ वर लावलेली असते. १८० अंशांचा शाफ्ट अशा वेळी साधारण ९५ अंश दाखवतो, आणि सगळे निर्धास्त होतात. मशीन बंद असताना शाफ्टवर उष्णतारोधक मॅट काळ्या रंगाचे तीन-चार सेंटीमीटर रुंदीचे पट्टे ओढा. एक भिंतीजवळ, एक मध्ये, एक बेअरिंगजवळ. त्या पट्ट्यांवर घेतलेला आकडा भरवशाचा असतो. फर्नेसचे तापमान स्थिर ठेवून तीन वेगांवर हे मोजा आणि प्रत्येक वेग बदलल्यावर किमान दोन तास थांबा. शाफ्टचे वस्तुमान मोठे असते, त्यामुळे दहा मिनिटांत घेतलेले वाचन जुन्या वेगाचेच असते.

वेगाचा हवेकडे जाणाऱ्या उष्णतेशी संबंध

थांबलेल्या शाफ्टभोवती गरम हवा आपोआप वर चढते आणि खालून थंड हवा येते. हे नैसर्गिक संवहन. शाफ्ट हळू फिरू लागला की पृष्ठभागाला चिकटलेली हवा त्याच्याबरोबर गोल फिरते, पण ती गोल गोलच फिरते. नवीन थंड हवा आत येत नाही. म्हणून हळू फिरण्याचा फायदा जवळजवळ शून्य असतो. वेग एका पातळीपुढे गेल्यावर हे कडे अस्थिर होते, भोवरे सुटतात, गरम हवा बाहेर फेकली जाते आणि थंड हवा आत ओढली जाते. तिथून उष्णता-हस्तांतरण गुणांक, म्हणजे h, वेगाबरोबर चढू लागतो आणि साधारण वेगाच्या ०.७ घाताने चढतो. वेग दुप्पट केला की h दुप्पट होत नाही, १.६ पट होतो. उलट बाजूने, वेग अर्धा केला की h सुमारे ६० टक्क्यांवर येतो.

मोकळ्या हवेत आडव्या फिरणाऱ्या गोल शाफ्टसाठी १९५० च्या दशकातल्या प्रयोगांवरून आलेले, आजही वापरात असलेले समीकरण असे आहे:

```
u  = pi * D * n          (n = rpm / 60)
Re = u * D / nu
Gr = 9.81 * dT * D^3 / (Tf * nu^2)
Nu = 0.11 * ((0.5*Re^2 + Gr) * Pr)^0.35
h  = Nu * k / D
```

इथे D शाफ्टचा व्यास मीटरमध्ये, dT शाफ्ट आणि हवा यांच्या तापमानातला फरक, Tf दोन्हींचे सरासरी तापमान केल्विनमध्ये. nu म्हणजे हवेची शुद्धगतिक श्यानता, k तिची उष्णतावाहकता, Pr तिचा प्रांटल अंक; हे गुणधर्म त्या सरासरी तापमानाला घ्यायचे. कंसातली दोन पदे नीट पाहा. Re हे फिरण्याचे, Gr हे नैसर्गिक संवहनाचे. ज्याचा आकडा मोठा त्याची सत्ता.

चुका सर्वांत जास्त Re काढताना होतात. काही पुस्तकांत Re साठी पाय, D वर्ग आणि ओमेगा असा गुणाकार दिलेला असतो, पण तिथला ओमेगा म्हणजे सेकंदाला फेरे. सवयीने त्यात रेडियन प्रति सेकंद टाकले की Re सहा पटींहून जास्त होतो आणि h सुमारे साडेतीन पट फुगतो. दुसरी चूक म्हणजे व्यासाच्या ठिकाणी त्रिज्या किंवा त्याउलट. म्हणून सूत्र पाठ करण्यापेक्षा आधी परिघावरचा वेग u काढावा. तो मीटर प्रति सेकंदात डोळ्यांसमोर येतो आणि चूक लगेच दिसते.

पडताळणीची एक सोपी युक्तीही आहे. स्थिर शाफ्टवर u एवढ्याच वेगाचा आडवा वारा सोडला तर जो h येईल, त्याच्या जवळपास फिरणाऱ्या शाफ्टचा h यायला हवा. दोन्हींतली हवेची हालचाल वेगळी आहे, तरी आपल्या कामाच्या टप्प्यात आकडे थोड्याच फरकाने जुळतात. गणितातून ८० मिमी शाफ्टला १४८० आरपीएमवर शंभराच्या पुढे h आला तर गणित पुन्हा तपासा.

एक उदाहरण आकड्यांनिशी

शाफ्ट ८० मिमी व्यासाचा, साध्या कार्बन स्टीलचा. भिंतीपासून बेअरिंगपर्यंत उघडी लांबी ३०० मिमी. भिंतीजवळ शाफ्ट २४० अंश, खोलीची हवा ४० अंश. पृष्ठभागाचे सरासरी तापमान १८० अंश धरू, म्हणजे हवेचे गुणधर्म ११० अंशांना घ्यायचे: nu साधारण 24.5e-6, k ०.०३२५, Pr ०.६९.

Gr येतो सुमारे ३० लाख. १४८० आरपीएमला u ६.२ मीटर प्रति सेकंद, Re सुमारे २०,००० आणि h ३२ वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंश. याच प्रसंगासाठी Nu = 0.10 * Re^(2/3) हे दुसरे प्रचलित सूत्र वापरले तर ३० येतो, म्हणजे आकड्यावर विसंबायला हरकत नाही.

यात किरणोत्सर्गाने जाणारी उष्णता मिळवायची. चकचकीत शाफ्टला तिचा वाटा सुमारे ३, आणि तो वेगाने बदलत नाही. शाफ्टचा तुकडा म्हणजे एक जाड फिन समजला तर बेअरिंगकडच्या टोकाचे तापमान असे मिळते:

```
m = sqrt(4*h / (ks*D))
T_end = T_air + (T_wall - T_air) / cosh(m*L)
```

ks म्हणजे स्टीलची उष्णतावाहकता, इथे ४८. L उघडी लांबी. यात बेअरिंग आणि त्याचे हाऊसिंग शाफ्टमधून काहीच उष्णता ओढत नाहीत असे धरले आहे. प्रत्यक्षात हाऊसिंग थोडी ओढून घेते, म्हणून खरे तापमान याहून कमी असते. हे आकडे वरची मर्यादा समजावेत. वेगाचा परिणाम मात्र त्यांत बरोबर दिसतो.

| वेग (आरपीएम) | संवहनाचा h | एकूण h | बेअरिंगकडचे टोक |
|---|---|---|---|
| १४८० | ३२ | ३५ | १०४° |
| ७४० | २० | २३ | १२७° |
| ३०० | ११.६ | १५ | १५२° |
| ६० | ७.६ | ११ | १६९° |
| बंद | ७.३ | १०.६ | १७०° |

१४८० वरून ३०० वर आल्यावर शाफ्टचे टोक जवळजवळ ५० अंशांनी चढले. याच काळात बेअरिंगचे घर्षण कमीच झाले होते. साध्या लिथियम ग्रीसला सतत १२० अंशांपुढे ठेवता येत नाही, आणि ७० अंशांच्या वर दर १५ अंशांना ग्रीस भरण्याचा कालावधी निम्मा करावा लागतो असा बेअरिंगवाल्यांचा सर्वमान्य ठोकताळा आहे. म्हणजे जुन्या वेगासाठी ठरवलेले ग्रीसिंगचे वेळापत्रक नवीन वेगाला चालणार नाही.

हाऊसिंगवरचा सेन्सर इथे खोटा दिलासा देतो. तो बाहेरच्या रिंगचे तापमान सांगतो. उष्णता शाफ्टकडून येत असल्याने आतली रिंग बाहेरचीपेक्षा बरीच गरम असते, ती फुगते आणि बेअरिंगमधली फट खाते. अशा जागी सी-३, म्हणजे नेहमीपेक्षा मोठ्या क्लिअरन्सचे बेअरिंग असावे. नसेल आणि कमी वेगावर घुरघुर ऐकू येत असेल, तर कारण बहुधा हेच.

आता तक्त्यातल्या शेवटच्या दोन ओळी. ६० आरपीएम आणि बंद यांत फरक जवळजवळ नाही. वरच्या समीकरणात 0.5*Re^2 आणि Gr समान होतात तो वेग या शाफ्टसाठी सुमारे १८० आरपीएम. त्याखाली फिरण्याने कूलिंग मिळत नाही. गरम फॅन बंद करताना शाफ्ट वाकू नये म्हणून तो हळूहळू फिरवत ठेवतात. ते बरोबरच आहे, पण त्याने बेअरिंग थंड राहते असे समजू नये. वाकण्यापासूनचे संरक्षण मिळते, उष्णतेपासूनचे नाही.

उपाय, स्वस्त आधी

पहिला उपाय शाफ्ट काळा करणे. ३०० आरपीएमला संवहनाचा h ११.६ आहे. शाफ्टची इमिसिव्हिटी ०.२५ वरून ०.८५ वर नेली तर किरणोत्सर्गाचा वाटा ३ वरून ११ वर जातो आणि एकूण h २३ होतो. तक्त्यात पाहा, हा चकचकीत शाफ्टचा ७४० आरपीएमचा आकडा आहे. म्हणजे एका रंगाच्या हाताने टोक १५२ वरून १२८ च्या आसपास येते. रंग उष्णता सहन करणारा सिलिकॉनचा मॅट काळा घ्यावा. ॲल्युमिनियमचा चंदेरी रंग लावू नये. तो दिसायला छान असला तरी किरणोत्सर्ग रोखतो. बेअरिंगची आणि सीलची बैठक टेपने झाकून मगच रंग मारावा. शाफ्टसमोर फर्नेसची गरम भिंत असेल तर फायदा थोडा कमी होतो.

दुसरा उपाय गार्ड. वरची सगळी सूत्रे मोकळ्या हवेतल्या शाफ्टची आहेत. बंद पत्र्याच्या गार्डमध्ये शाफ्ट तीच हवा पुन्हा पुन्हा घुसळतो, गार्डच्या आतले तापमान चढते आणि h कितीही असला तरी उपयोग होत नाही. गार्डच्या आत थर्मोकपल लोंबकळत ठेवून हवेचे तापमान मोजा. खोलीपेक्षा १५-२० अंशांनी जास्त असेल तर पत्रा काढून जाळीचा गार्ड बसवा, खालूनही उघडा. जाळीची भोके बोट जाणार नाही इतकीच ठेवा.

तिसरा उपाय छोटा ब्लोअर. स्थिर शाफ्टवर ५ मीटर प्रति सेकंदाचा वारा आडवा सोडला तर h २८ च्या आसपास येतो, म्हणजे पूर्ण वेगाच्या जवळ. कमी वेगावर हा सर्वांत परिणामकारक उपाय आहे, कारण तो फॅनच्या आरपीएमवर अवलंबूनच नाही. वाऱ्याचा झोत शाफ्टच्या उघड्या लांबीवर यावा, हाऊसिंगवर नाही. हाऊसिंग थंड केली की बाहेरची रिंग आकसते, आतली गरमच राहते आणि क्लिअरन्स आणखी कमी होतो. चांगल्या हेतूने केलेली ही चूक बेअरिंग लवकर घालवते. ब्लोअर व्हीएफडीच्या आउटपुटवरून चालवू नये, त्याला वेगळा पुरवठा द्यावा. त्याचा प्रवाह फर्नेसच्या सीलकडे जाऊन थंड हवा आत ढकलणार नाही याचीही काळजी घ्यावी.

चौथा उपाय कूलिंग डिस्क, ज्याला काही जण हीट स्लिंगर म्हणतात. ३०० मिमी व्यासाची ॲल्युमिनियमची डिस्क शाफ्टवर बसवली तर दोन्ही बाजू मिळून तिचे क्षेत्रफळ ०.१३ चौरस मीटर होते. ३०० मिमी लांबीच्या शाफ्टचे ०.०७५. सपाट डिस्कवर, प्रवाह शांत असेपर्यंत, h वेगाच्या वर्गमुळाने बदलतो. म्हणून वेग उतरवल्यावर डिस्क शाफ्टपेक्षा हळू मंदावते: १४८० ला सुमारे २९, तर ३०० ला अजून १३. वरच्या उदाहरणात ३०० आरपीएमवर डिस्क भिंतीपासून १०० मिमीवर बसवली तर टोक ११४ अंशांवर येते, आणि बेअरिंगजवळ, म्हणजे २५० मिमीवर बसवली तर ९२ वर. म्हणून ती बेअरिंगला शक्य तितकी जवळ बसवावी, फक्त सीलला घासणार नाही इतके अंतर सोडून.

हा हिशोब डिस्क शाफ्टला घट्ट चिकटलेली आहे असे धरून केला आहे, आणि तिथेच बहुतेक डिस्क फसतात. ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा जवळजवळ दुप्पट फुगते. १०० अंश चढल्यावर ८० मिमी भोकात व्यासावर ०.०९ मिमी सैलपणा येतो. थंडीत दाबून बसवलेली डिस्क गरम झाल्यावर शाफ्टवर नुसती टेकलेली राहते. मधली हवेची फट उष्णता अडवते. दोन अर्धुकांची, बोल्टने आवळायची डिस्क घ्या. शाफ्टवरचा तो भाग स्वच्छ पुसून पातळ थर थर्मल पेस्टचा द्या, आणि पहिल्या दोन-तीन गरम-थंड फेऱ्यांनंतर, फॅन पूर्ण बंद व लॉक करून, बोल्ट पुन्हा आवळा. डिस्क बॅलन्स केलेली असावी. बसवल्यावर पूर्ण वेगावर कंपने मोजून आधीच्या नोंदीशी ताडा. डिस्क चालते की नाही ओळखणे सोपे आहे: तिच्यावर काळा पट्टा ओढून तापमान घ्या. डिस्कच्या गळ्याशी आणि शेजारच्या शाफ्टवर ३० अंशांचा फरक दिसला तर ती सैल आहे.

व्हीएफडीमध्ये काय बदलावे

किमान वेगाची मर्यादा अंदाजाने ठरवू नका. बेअरिंगजवळच्या काळ्या पट्ट्यावर तीन वेगांना घेतलेले तापमान कागदावर मांडा आणि ग्रीसच्या मर्यादेपेक्षा १५-२० अंश खाली राहणारा वेग काढा. तोच किमान वेग. मोजणी हिवाळ्यात केली असेल तर उन्हाळ्यातल्या खोलीच्या वाढीइतके अंश त्यात मिळवा. शाफ्टचे टोकही जवळजवळ तितक्याच अंशांनी चढते. फर्नेसला त्याहून कमी हवा हवी असेल तर वेग तिथेच ठेवून डॅम्पर वापरा. विजेची बचत थोडी कमी होईल, ती बेअरिंगच्या आणि बंद पडण्याच्या खर्चापुढे किरकोळ आहे.

शेवटी बंद करण्याचा क्रम. बर्नर बंद झाल्याबरोबर फॅन थांबवला तर शाफ्टचे कूलिंग एका क्षणात तिसऱ्या हिश्श्यावर येते, पण भिंतीतली उष्णता तशीच असते. उदाहरणातल्या शाफ्टला नव्या स्थितीकडे सरकायला लागणारा वेळ सुमारे ३५ मिनिटांच्या टप्प्यांचा आहे, म्हणून बेअरिंगचे सर्वांत जास्त तापमान फॅन थांबल्यावर तासाभराने येते, जेव्हा पॅनलसमोर कोणी नसते. सेन्सरची नोंद फॅन थांबल्यावरही दोन तास चालू ठेवा आणि बंद करताना फॅनचा वेग उतरवू नका. फर्नेसची हवा १०० अंशांखाली येईपर्यंत तो पूर्ण वेगावर ठेवा. वीज गेल्यावर हे शक्य नसते, म्हणून शाफ्टवरचा ब्लोअर जनरेटरच्या लाइनवर असावा.